तुळजाच्या पत्रातले एकोणीस बाप्ये

माझ्या हातून चूक होत नाही, असं मी वीस वर्षं छातीठोकपणे सांगत होते. भिवंडीतल्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात मी टायपिस्ट. प्रिन्सिपॉल बदलले, क्लार्क बदलले, पंखासुद्धा दोनदा बदलला, पण टाइपरायटर आणि मी जागच्या जागी. माझ्या टेबलावरून गेलेल्या कागदात चूक दाखवा आणि चहा प्या, अशी माझी खुली पैज होती. त्या पैजेवर कुणी कधी चहा प्यायलं नाही. म्हणजे बावीस जून एकोणीसशे नव्वदपर्यंत. तेव्हा ऐका.

त्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी भिवंडीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, त्यामुळे गावाचा नेहमीचा खडखडाट नसतो आणि आमच्यासारख्या जन्मापासून इथे राहिलेल्यांना उलट चुकल्याचुकल्यासारखं होतं. सकाळी अकराला फिजिक्सचे फणसे सर ऑफिसात आले. हातात प्रवासाची पिशवी, खांद्यावर छत्री, आणि चेहऱ्यावर घाई.

"प्रमोदिनीबाई, तेवढं तुळजाचं शिफारसपत्र करून टाका हो. दीडच्या गाडीने नाशिकला निघालोय. मेहुणीच्या मुलीचा साखरपुडा आहे. आठ दिवस नाही मी."

"आणि पत्र कधी हवंय?"

"उद्या दुपारी बाराच्या आत तिने अर्ज मुंबईच्या त्या संस्थेत हातोहात द्यायचाय. बंद पाकिटातलं पत्र अर्जाबरोबर नसेल तर अर्जच घेत नाहीत."

मी कपाळावर हात मारला. "सर, आठ दिवसांपूर्वी का नाही सांगितलंत?"

"आठवणीतच नाही राहिलं," सर म्हणाले आणि निरागस हसले.

फणसे सर शिकवायला सोन्यासारखे, पण कागदाच्या बाबतीत आनंदच. शिफारसपत्र लिहायचं म्हटलं की ते नव्याने लिहीतच नसत. त्यांच्याकडे सुधीर नावाच्या एका हुशार मुलासाठी एकोणीसशे पंच्याऐंशीत लिहिलेल्या पत्राची कार्बन कॉपी होती. तीच दर वर्षी बाहेर निघायची, आणि नाव खोडून नवं नाव घातलं की पत्र तयार. पाच वर्षांत सुधीर बिचारा सोळा-सतरा वेळा तरी वेगवेगळ्या नावांनी निरनिराळ्या ठिकाणी पोचला असेल.

या वेळी मात्र सरांनी कॉपीच्या पाठीवर निळ्या शाईत एक परिच्छेद नव्याने लिहिला होता. "हा तिसऱ्या परिच्छेदाच्या जागी घ्या. आणि सुधीरचं पत्र आहे, तेव्हा सगळीकडे ‘ही’चं ‘शी’ करा. मुलगी आहे. तेवढं सांभाळा म्हणजे झालं."

"ते तुम्ही मला सांगू नका," मी म्हटलं. आता इंग्रजीतला तो पुल्लिंगी ‘ही’ आणि त्याची सगळी भावंडं, ‘हिज’ आणि ‘हिम’, यांना मी माझ्यापुरतं ‘बाप्ये’ म्हणते. मुलीच्या पत्रात एकही बाप्या राहता कामा नये. चार वर्षांपूर्वी एका मुलीच्या पत्रात एकच राहिला होता, मी रजेवर असताना, आणि पलीकडून विचारणा आली होती की हे पत्र नक्की हिचंच आहे ना? तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून बसते.

माझी पद्धत सांगते. मी पत्र वाचत नाही. मी पत्र तपासते. वाचायला लागलं की डोळे अर्थाच्या मागे धावतात आणि अक्षर निसटतं. म्हणून मी शेवटच्या ओळीवर पट्टी ठेवते आणि एकेक ओळ वर सरकत जाते. ओळ उलटी चढली की अर्थ आडवा येत नाही. आधी नाव, मग विषय, मग तारखा, मग बाप्ये. प्रत्येकाची वेगळी फेरी, प्रत्येकाला लाल पेन्सिलीची खूण.

तुळजाचं गुणपत्रक मी समोर ठेवलं. पहिल्या फेरीतच सर सापडले. त्यांनी इंग्रजीत ‘तुळजा’ला एक ‘ए’ जास्त दिला होता. गुणपत्रकात जसं आहे तसंच पत्रात हवं, नाहीतर पलीकडचा क्लार्क म्हणणार, ही बाई वेगळी आणि ती बाई वेगळी. शिवाय वडिलांचं नाव गाळलं होतं. मी लिहिलं, तुळजा लडकू भोईर. दुसऱ्या फेरीत विषय. सुधीरच्या वेळचा उष्णतेचा पेपर तसाच राहिला होता. तुळजाच्या गुणपत्रकावर त्या जागी सॉलिड स्टेट फिजिक्स होतं. ती ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करत होती त्याचं नावही सरांनी अर्धवट लिहिलं होतं. ते मी तिच्या फॉर्मवरून शब्दनशब्द उतरवून घेतलं, टेक्स्टाइल इन्स्ट्रुमेंटेशनचा पदव्युत्तर डिप्लोमा. तिसऱ्या फेरीत तारखा. ‘मी याला १९८२ पासून ओळखतो’ याचं १९८७ केलं. आणि खाली बघते तर काय, सरांनी पत्रावर पंधरा जून घातलेली, आणि आत लिहिलेलं की ही मुलगी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली आहे.

"सर, निकाल मंगळवारी लागला. एकोणीस तारखेला. पंधराला तुम्हाला स्वप्न पडलं होतं का?"

"अरे वा!" सरांनी टाळी वाजवली. "तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं?"

मी फुलले. खोटं कशाला सांगू, चांगली फुलले. तारीख बावीस केली आणि शेवटच्या फेरीला लागले. बाप्ये मोजले. सुधीरच्या भागात सोळा. सरांच्या नव्या परिच्छेदात ‘शी’ आणि ‘ही’ दोन्हींची खिचडी होती, त्यात बाप्ये तीन. सरांचं नेहमीचंच, मी मनात म्हटलं, लिहिता लिहिता मुलीचा मुलगा केला. एकूण एकोणीस. एकोणिसांच्या एकोणीस बाया करून टाकल्या. कोऱ्या लेटरहेडवर स्वच्छ टाइप केलं, खाली कार्बन घालून.

सरांनी पत्र हातात घेतलं, वरचं नाव बघितलं, खालची तारीख बघितली.

"वाचा ना सर."

"तुम्ही वाचलंय ना? मग झालं." त्यांनी सही ठोकली. शिपाई नवशाने विभागाचा शिक्का मारला. पाकीट चिकटवलं, चिकटवलेल्या झडपेवर सरांनी आडवी सही केली आणि ते छत्री घेऊन निघून गेले. पाकीट माझ्या खणात. दोन वाजता तुळजा येऊन नेणार होती. ती गुणपत्रकाच्या नकलांवर सही-शिक्के घ्यायला गेली होती.

बारा-सव्वाबारा झाले असतील. डबा उघडणार एवढ्यात दारात एक माणूस उभा. धुतलेला पांढरा सदरा, गुडघ्याखालपर्यंत आलेली खाकी अर्धी पँट, हातात टोपी. डोळे लाल.

"बाय, तुळजाचं पाकीट हितंच हाय ना?"

"आहे. तुम्ही कोण?"

"मी लडकू. तिचा बा. कामतघरला लूमवर हाय. आज सुट्टी, म्हनून आयलो. ती आयली का आमी संगंच घरी जाऊ."

मी त्यांना बाकावर बसवलं. लडकूभाऊ बाकाच्या अगदी कडेला बसले. सारखी टोपी फिरवत होते. मला कळेना माणूस कशाला एवढा अवघडलाय. शेवटी त्यांनीच विचारलं.

"बाय, एक इचारू? राग न्हाय ना येनार?"

"विचारा."

"त्या कागदात माझं काय लिवलंय का?"

मला हसू आलं. "नाही हो लडकूभाऊ. पत्र तुळजाचं आहे. त्यात तुमचं कशाला असेल?"

"न्हाय, म्हंजे... फनसे सर गेल्या म्हैन्यात कारखान्यात आयलेले. माझ्या लूमपाशी. किती लूम चालवतोस, किती तास, डोल्यांचं काय होतं, सगला इचारून गेले. बोलले, लडकू, मना लिवायचंय. मना वाटला, त्यात लिवतील." त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "न्हाय तर न्हाय. माझं काय त्याच्यात?"

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. लूम. डोळे. तास. हे शब्द मी आज सकाळी टाइप केले होते. अर्थ घेतला नव्हता, पण बोटांना आठवत होते.

मी फाइल ओढली आणि कार्बन कॉपी काढली. आयुष्यात पहिल्यांदा मी शिफारसपत्र वरून खाली वाचलं. तिसऱ्या परिच्छेदाशी आले आणि माझी कानशिलं तापली.

सरांनी मूळ काय लिहिलं होतं, ते आधी सांगते. ‘तिने बनवलेल्या उपकरणाची कल्पना तिला कामतघरला लूमवर असणाऱ्या वडिलांवरून सुचली. तो बारा तास चार लूम सांभाळतो. संध्याकाळी त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहतं आणि सुताची तुटलेली तार त्याला दिसत नाही.’

आणि प्रमोदिनीबाईंनी, ज्यांच्या हातून चूक होत नाही त्यांनी, काय केलं होतं? ‘ती बारा तास चार लूम सांभाळते. संध्याकाळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं आणि सुताची तुटलेली तार तिला दिसत नाही.’

सोळा बाप्ये सुधीरचे होते. तीन लडकूचे होते. मी सगळ्यांना एकाच लाल पेन्सिलीने बायका करून टाकलं होतं. आता ते मुंबईचे लोक वाचणार की ही मुलगी दिवसाला बारा तास लूम चालवते, म्हणजे ही वर्गात कधी येणार? आणि हिचे डोळे गेलेत, तेव्हा बारीक उपकरणांचं काम हिला कसं जमणार? जागा वीस, अर्ज शेकड्यांनी. असलं पत्र ते बाजूलाच ठेवणार. पोरीने तीन वर्षं गावाहून चालत येऊन पहिला वर्ग काढला आणि मी तिला आंधळी करून पाकिटात बंद केली.

"अगं बाई गं!" मी ओरडलेच. "नवशा! ए नवशा! किती वाजले?"

"बारा पस्तीस."

दीडची गाडी. मी खणातलं पाकीट काढलं आणि टराटरा फाडलं. लडकूभाऊ घाबरून उभेच राहिले. "बाय, ते कशाला फाडतंय? माझ्यामुलं?"

"तुमच्यामुळेच! देवासारखे आलात. बसा आता, हलू नका."

मशीनवर नवीन लेटरहेड चढवला. मग विचार केला, या वेळी चूक नको, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय तो माणूस तर समोर बसलाय. "लडकूभाऊ, हे पत्र गुप्त असतं. मी तुम्हाला एवढाच भाग सांगते, खरं-खोटं तपासायला. तुळजाला यातला एक शब्द कळता कामा नये. शपथ घ्या."

"कंठाची शप्पत," त्यांनी गळ्याला हात लावला.

मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. "कामतघर?"

"हा."

"बारा तास?"

"हा. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी."

"चार लूम?"

"सा." त्यांनी बोटं दाखवली. "सर आयले तवा चारच व्हते. एक गडी गेला सोरून, आता सा हायत."

एरवी मी लगेच सहा केले असते. पण नुकताच हात पोळला होता. सरांचं पत्र, सरांनी ठरवायचं. मी म्हटलं, दोन्ही करते, एक चारचं आणि एक सहाचं, सर हवी त्यावर सही करतील. आणि पुढे सांगू लागले. "संध्याकाळी डोळ्यांतून पाणी येतं, तुटलेली तार दिसत नाही. बरोबर?"

लडकूभाऊंनी मान हलवली.

"म्हणून तिने हे उपकरण बनवलं. ऐका हं. ताण्याच्या प्रत्येक तारेवर, म्हणजे लूमवरच्या उभ्या धाग्यावर, बाईच्या केसातला एकेक आकडा अडकवलाय. खाली दोन उघड्या तांब्याच्या तारा. ताण्याची तार तुटली की आकडा खाली पडतो, दोन्ही तारांना टेकतो, वीज पुढे जाते आणि घंटी वाजते. डोळ्यांनी बघत बसायला नको. कानाला कळतं."

"आकरा? केसातला?"

"हो. त्यांचा काळा रंग खरवडून काढला, कारण रंगातून वीज जात नाही. असे चाळीस आकडे. सरांनी लिहिलंय, हे तिने घरातून आणले."

लडकूभाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग एकदम मांडीवर थाप मारून मोठ्याने हसले. "तरीच! तरीच गो बाय! संक्रातीपास्ना तिची आये बोंबलतेय, माझे आकरे कोन नेतंय, माझे आकरे कोन नेतंय! एका रातीत सगला डबा रिकामा! तिनी शेजारनीवर आल घेतला, भांडान झाला! आनि मी पोरीला बोललो, तू दिवसभर कॉलेजात काय करतेस ती देवालाच ठावं..." हसता हसता त्यांचा आवाज बसला. त्यांनी टोपी तोंडाला लावली आणि दोन्ही खांदे हलायला लागले. "माझ्या डोल्यांसाठी. मना बोलली पन न्हाय."

नवशा दारात उभा होता, तो दुसरीकडे बघायला लागला. मला म्हणाल तर माझाही कागद अंधुक झाला. पण घड्याळ थांबत नव्हतं. पदराने डोळे पुसले आणि बोटं चालवली. माझ्या आयुष्यात एवढ्या वेगाने आणि एवढं नीट मी कधी टाइप केलेलं नाही. एक चारचं पत्र, एक सहाचं. दोन्ही पट्टी लावून खालून वर तपासली, आणि मग दोन्ही वरून खाली वाचली. सोळा बाया, तीन बाप्ये. बाप्ये ज्याचे त्याच्या जागी.

एक वाजून पाच मिनिटांनी आम्ही बाहेर पडलो. मी, लडकूभाऊ, आणि शिक्का व शाईचा पॅड छातीशी धरून नवशा. रिक्षावाला म्हणाला, "बाई, निजामपुऱ्यातून आत्ता नाय जमणार. जुम्म्याची नमाज सुटतेय, रस्ता पॅक."

"आता काय करायचं?"

"चला माझ्या मागनं," लडकूभाऊ म्हणाले. लूमच्या गल्ल्या त्यांना तळहातासारख्या माहीत. बंद कारखान्यांच्या मधल्या बोळांतून, चिखल चुकवत, वाळत घातलेल्या सुताच्या लडींखालून वाकून आम्ही धावत होतो. मी सेहेचाळीस वर्षांची बाई, साडी घोट्याच्या वर धरलेली. वाटेत एका दारात बसलेले चाचा म्हणाले, "अरे लडकू, किधर भाग रहा है?"

"बेटी का काम है, चाचा!" लडकूभाऊ न थांबता ओरडले.

स्टँडवर पोचलो तेव्हा नाशिकची गाडी फलाटाला लागली होती आणि इंजिन सुरू होतं. तिसऱ्या खिडकीत फणसे सर, शेजारी त्यांच्या बाई, मांडीवर लाडवांचा डबा.

"सर! उतरू नका! मीच येते!" मी खाली उभ्या कंडक्टरला बाजूला सारून आत शिरले. धाप लागली होती, पण सगळं सांगितलं. माझी चूक आहे, तुमची नाही, हेही सांगितलं. बसमधल्या पंचवीस-तीस माणसांसमोर सांगितलं, आणि कार्बन कॉपी हातात दिली.

सरांनी ती वाचली. आधी त्यांच्या भुवया वर गेल्या, मग मिशा हलल्या, आणि मग ते हसायलाच लागले. "प्रमोदिनीबाई, तुम्ही चुकलात! वीस वर्षांत पहिल्यांदा!"

"हसू नका सर. आणि सही तुमची आहे त्याच्यावर. न वाचता केलेली."

हसू थांबलं. "खरंय," ते म्हणाले. "ते जास्त वाईट."

"आता वाचा. पहिल्या ओळीपासून. अर्थ घेऊन. मी इथून हलणार नाही."

सरांनी चष्मा पुसला आणि पत्र वाचलं. खिडकीखाली लडकूभाऊ उभे होते. सरांनी खिडकीतून डोकं काढलं. "लडकू, सहा झाले का रे?"

"हा सर. सा."

"मग सहाच." त्यांनी चारचं पत्र फाडून टाकलं. कंडक्टरने आपली तिकिटांची पेटी पुढे केली, "घ्या मास्तर, यावर टेका." सही झाली. नवशाने पॅड उघडला, शिक्का जपून मारला. मी पाकीट चिकटवलं, सरांनी झडपेवर आडवी सही केली. मागच्या सीटवरून कुणीतरी विचारलं, "झालं का हो पोरीचं?" मी म्हटलं, झालं. अहो, बसमध्ये चक्क टाळ्या पडल्या. फणसेबाईंनी माझ्या हातावर दोन लाडू ठेवले, नवशाला दोन, आणि खिडकीतून लडकूभाऊंना दोन.

कंडक्टरने घंटी मारली. मी उतरले.

ऑगस्टात तुळजाला प्रवेश मिळाला, ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. मुलाखतीत तिला घंटीबद्दलच सगळं विचारलं, असं ती म्हणाली. आणि मी माझ्या पैजेचा चहा फणसे सरांना, नवशाला आणि सगळ्या ऑफिसला पाजला, खारी बिस्किटांसकट. ती चुकलेली कार्बन कॉपी मी फाडली नाही. ती टेबलाच्या काचेखाली ठेवली. तेव्हापासून पत्र दोनदा बघते. एकदा खालून वर, माझ्या पद्धतीने. आणि एकदा वरून खाली, माणसासारखं.

पण त्या दुपारचं मला आठवतं ते वेगळंच. गाडी गेली आणि आम्ही फाटकाकडे वळलो, तर समोरून तुळजा पळत आली. ऑफिसात कुणी नाही, नवशा नाही, पाकीट नाही, म्हणून कुणीतरी तिला स्टँडवर पिटाळलं होतं. वेणी सुटलेली, छातीशी नकलांची फाइल.

"बाई, काय झालं? पत्र? सर गेले?"

"पत्र हे बघ. सही-शिक्क्यासह." मी पाकीट तिच्या हातात दिलं. "उघडायचं नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने बापाकडे बघितलं. "बाबा, तुमी हितं कशे? आनि डोले किती लाल! परत पानी येतंय?"

"लूमचं हाय ते."

"आज शुक्रवार हाय. लूम बंद हायत."

लडकूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मोठे करून गळ्याला बोट लावलं, शपथेची आठवण म्हणून.

"बाबा, पत्रात काय लिवलंय, तुमाला ठावं हाय?"

"मना काय इंग्लिश येतंय?" ते म्हणाले. "तू हितंच थांब." आणि ते स्टँडच्या कोपऱ्यातल्या बांगड्या-टिकल्यांच्या टपरीवर गेले. तिथे बोटाने काहीतरी दाखवलं, कागदात बांधून घेतलं, परत आले आणि पुडी तिच्या हातात दिली.

तुळजाने ती उघडली. केसांचे काळे आकडे. पुठ्ठ्यावर ओळीने खोचलेले, नवे कोरे.

"तुझ्या आयेला दे," लडकूभाऊ म्हणाले. "चालीस हायत. मोजून घेतलेत."

ती आकड्यांकडे बघत राहिली, मग बापाकडे. एका शब्दाने शपथ मोडली नव्हती, आणि सगळं सांगून झालं होतं. तिने फाइल माझ्या हातात कोंबली आणि भर स्टँडवर बापाच्या गळ्यात पडली.